बिलाच्या स्क्रीनशॉटमधून नग, दर आणि जीएसटी उतरवताना आकडे का चुकतात, आणि ते कसे पकडायचे

आमचं प्लंबिंगच्या कंत्राटाचं काम आहे. साइट पाथर्डी फाटा, म्हसरूळ, गंगापूर रोड अशा नाशिकच्या चारही दिशांना असतात. माल भद्रकाली, द्वारका नाहीतर अंबडच्या दुकानातून उचलला जातो आणि बिल माझ्याकडे व्हॉट्सॲपवर येतं. साइटवरचा मुलगा छापील बिलाचा फोटो काढतो, ग्रुपवर टाकतो. दुसरा कुणीतरी तो फोटो मोबाइलवर उघडून त्याचा स्क्रीनशॉट घेतो आणि मला पाठवतो, "ताई, हे बिल राहिलंय." मी तो स्क्रीनशॉट टेसरॅक्ट या फुकट मिळणाऱ्या अक्षरवाचक प्रोग्रामला देते आणि निघालेला मजकूर एक्सेलमध्ये ओळीओळीनं लावते. वस्तू, नग, दर, रक्कम, कर असे रकाने. गेली तीन वर्षं महिन्याच्या पहिल्या आठवड्यात हेच चालू आहे आणि त्याच त्या चुका पुन्हा पुन्हा दुरुस्त केल्या आहेत. म्हणून एकदा सगळं क्रमानं लिहून ठेवते आहे.

लक्षणं

तुमच्याकडे यातलं काय होतंय ते आधी ओळखा, कारण प्रत्येकाचं मूळ वेगळं आहे.

- दरातला दशांश बिंदू उडतो. `186.50` चं `18650` होतं.
- नगाच्या पुढं एक जादा `1` लागतो. `12` चे `112` नग होतात.
- रकमेच्या आधी जादा `2`, `7` किंवा `R` येतो. `950.00` ऐवजी `2950.00`.
- एका वस्तूच्या दोन ओळी होतात आणि दुसऱ्या ओळीत भलताच आकडा नग म्हणून बसतो.
- आधी सगळ्या वस्तूंची नावं, मग सगळे नग, मग सगळे दर असं उभं वाचन येतं. ओळी जुळतच नाहीत.
- सगळं नीट वाटतं, पण बेरीज बिलाखालच्या रकमेशी जुळत नाही.

शेवटचं लक्षण सगळ्यात महाग पडतं, कारण ते डोळ्यांना दिसत नाही. त्यासाठीचा भाग खाली जास्त सविस्तर लिहिला आहे.

पहिली तपासणी: वाचायची गरज आहे का?

हा खर्च एका फोनचा आहे, आणि तोच बहुतेक जण टाळतात. दुकानातलं छापील बिल कॉम्प्युटरवर तयार होत असेल तर त्या दुकानदाराला ते पीडीएफ करून पाठवता येतं. "दादा, बिल पीडीएफमध्ये पाठवता का, फोटो नको" एवढंच म्हणायचं. आमच्या नेहमीच्या पाच दुकानांपैकी तीन आता न सांगता पीडीएफ पाठवतात.

पीडीएफ आली की ती उघडून माउसनं एखाद्या वस्तूचं नाव निवडून बघा. अक्षरं निळी होऊन निवडली गेली, तर आत खरा मजकूर आहे आणि अंदाजानं वाचण्याचा प्रश्नच मिटला. ही एक कमांड रकान्यांची जागा राखून मजकूर काढून देते:

```
pdftotext -layout bill.pdf bill.txt
```

अक्षरं निवडली जात नसतील तर ती पीडीएफ म्हणजे आत चिकटवलेला फोटोच आहे. मग पुढं चला.

दुसरी तपासणी: स्क्रीनशॉटमध्ये अक्षर किती उंच आहे?

दशांश बिंदू का उडतो याचं उत्तर इथं आहे, आणि ते समजलं की निम्मा त्रास जातो.

ए-फोर कागद ८.२७ इंच रुंद असतो. मोबाइल उभा धरून त्यावर अख्खं बिल दिसतंय आणि तसाच स्क्रीनशॉट घेतला, तर नेहमीच्या मोबाइलच्या १०८० पिक्सेल रुंदीत ते ८.२७ इंच बसवलेले असतात. म्हणजे एका इंचाला साधारण १३० पिक्सेल. बिलावरची बारीक छपाई ८ पॉइंटची असते. त्यातला आकडा या हिशेबानं जेमतेम १० पिक्सेल उंच येतो, आणि दशांश बिंदू एक-दोन पिक्सेलचा. तोही काळा नसतो, राखाडी असतो. वाचणाऱ्या प्रोग्रामला तो कागदावरचा डाग वाटतो आणि तो टाकून देतो. टेसरॅक्टला इंचाला ३०० पिक्सेलच्या आसपास हवे असतात.

आता मोबाइल आडवा करा. रुंदी २४०० पिक्सेल झाली की इंचाला २९० पिक्सेल मिळतात. बिल एका पडद्यात मावत नाही, तीन-चार स्क्रीनशॉट घ्यावे लागतात, पण बिंदू टिकतो. साइटवरच्या मुलांना मी एवढं एकच वाक्य सांगितलं आहे: फोन आडवा करा, बिल रुंदीभर येऊ द्या, एकेका पडद्याचा फोटो घ्या, आणि आधीच्या फोटोतली शेवटची ओळ पुढच्यात पुन्हा येऊ द्या. ती दुहेरी ओळ जोडताना मी काढून टाकते. ती नसली तर मधली एखादी वस्तू गायब झाल्याचं कळतही नाही.

याला एक मर्यादा आहे. मूळ फोटोतच बारकावा नसेल तर पडदा आडवा करून काही मिळत नाही. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलेली चित्रं आकारानं लहान होऊन येतात. माझ्याकडे आलेल्यांची लांब बाजू बहुतेक वेळा १६०० पिक्सेलच्या आसपास असते. अख्खं ए-फोर पान त्यात असेल तर इंचाला १३७ पिक्सेलच झाले. तीच फाइल फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवली की मूळ आकारात येते. फाइलच्या माहितीत रुंदी-उंची लिहिलेली असते, ती एकदा बघून घ्या.

आणि हेही लक्षात ठेवा की लहान चित्र नंतर ताणून मोठं केलं तर अक्षरं वाचायला सोपी होतात, पण गेलेला बिंदू परत येत नाही.

तिसरी तपासणी: चित्राची सफाई

हे पटकन होतं. वरची घड्याळाची पट्टी आणि खालची बटणं कापा, नाहीतर `10:42` हा एखाद्या वस्तूचा दर होतो. मोबाइलचा डार्क मोड लावून पीडीएफ उघडलेली असेल तर तो बंद करून पुन्हा घ्या. दुकानदारानं पेनानं टिक मारल्या असतील, शिक्का रकमेवर बसला असेल, तर त्या जागा आत्ताच वहीत टिपून ठेवा. तिथला आकडा शेवटी डोळ्यांनीच बघायचा आहे. फोटो तिरका असेल तर सरळ करा. ओळ उजवीकडे थोडी जरी उतरत गेली तरी पहिल्या वस्तूचा नग दुसऱ्या वस्तूच्या दराशेजारी जाऊन बसतो.

चौथी तपासणी: वाचायला काय सांगितलंय?

उभं वाचन येत असेल तर दोष इथं आहे. टेसरॅक्ट काही न सांगता चालवला तर तो वर्तमानपत्रासारखं पान समजतो आणि रकाने वेगळे करून एकेक रकाना वरून खाली वाचतो. बिल आडवं वाचायला हवं. `--psm 6` म्हटलं की तो सगळा भाग एकच सलग मजकूर मानतो आणि डावीकडून उजवीकडे ओळ पूर्ण करतो.

```
magick bill.png -colorspace Gray -resize 250% bill2.png
tesseract bill2.png bill -l eng+mar --psm 6 tsv
```

`eng+mar` मी फक्त वस्तूंची नावं मराठीत छापली असतील तेव्हाच लावते. किराणा आणि शेतीमालाच्या दुकानांत ती मराठीत असतात, आमच्या पाइपवाल्यांकडे इंग्रजीत. मराठी जोडली की आकड्यांच्या रकान्यात उभा दंड शिरतो, `1` चा `।` होतो. बिलात मराठी अक्षर नसेल तर नुसतं `eng` ठेवा.

जादा `1` चं कारण बिलावरच्या उभ्या रेघा आहेत. रेघ आणि आकडा यांच्यात फट कमी असली की रेघच `1` म्हणून वाचली जाते. रेघा पुसायचे उपाय आहेत, पण मी ते सोडून दिले, कारण पुसताना खऱ्या `1` चाही बळी जातो. त्यापेक्षा नगाचा रकाना रेघेच्या आतून कापून वेगळा वाचा आणि फक्त आकडेच ओळखायला सांगा:

```
tesseract nag.png nag -l eng --psm 6 -c tessedit_char_whitelist=0123456789.
```

मात्र ही यादी सक्तीची असते. तिथं अक्षर असलं तरी प्रोग्राम त्याचा कुठलातरी आकडाच करतो. `₹` चं चिन्ह असलेल्या रकान्याला हे लावलं की `₹950` चे `2950` होण्याची शक्यता वाढते. त्यामुळं हे नग आणि दरापुरतं ठेवा आणि चिन्ह असेल तर ते कापणीतच बाहेर राहू द्या.

पाचवी तपासणी: आकडा कोणत्या रकान्यातला?

मोकळ्या जागेवरून रकाने तोडणं ही माझी पहिल्या वर्षीची सगळ्यात मोठी चूक होती. एका ओळीत एचएसएन छापलेला नसला की पुढचे सगळे आकडे एक घर डावीकडे सरकायचे. वर दिलेल्या कमांडमधल्या `tsv` मुळं प्रत्येक शब्दाची पानावरची जागा मिळते. त्या फाइलमधले कामाचे रकाने असे दिसतात:

```
left   top   width  conf  text
1212   884   41     93    12
1401   885   115    61    18650
1642   884   139    95    2238.00
1213   941   40     94    30
1420   941   96     92    14.20
1666   942   115    95    426.00
```

बिलातले आकडे उजवीकडे टेकवून छापलेले असतात. म्हणून `left` बघून रकाना ठरवू नका, `left + width` बघा. पहिल्या दराची डावी कड १४०१ आहे आणि दुसऱ्याची १४२०, पण उजवी कड दोघांची १५१६. रकमांची उजवी कड दोन्हीकडे १७८१. शीर्षकाच्या ओळीतल्या `Qty`, `Rate`, `Amount` यांच्या जागा घेऊन प्रत्येक आकडा जवळच्या रकान्यात टाकला की ओळीत एखादं घर रिकामं असलं तरी बाकीचे सरकत नाहीत.

याच तुकड्यात आणखी एक गोष्ट दिसते. `18650` या पाच आकड्यांनी ११५ पिक्सेल जागा घेतली आहे. खालच्या `426.00` नं, म्हणजे पाच आकडे आणि एका बिंदूनं, तेवढीच घेतली आहे. म्हणजे बिंदू कागदावर होता, वाचताना गेला.

एका वस्तूच्या दोन ओळी होण्यावर इलाजही याच जागेवरून निघतो. ज्या ओळीत रकमेच्या रकान्यात काहीच नाही, ती स्वतंत्र वस्तू नसते. ती वरच्या वस्तूच्या नावाचा उरलेला भाग असते, वर जोडून टाका.

`conf` हा प्रोग्रामच्या खात्रीचा आकडा आहे. ६१ सारखा कमी असला की तिथं नजर टाकावी हे खरं, पण ९१ आला म्हणून आकडा बरोबर धरू नका. पुढच्या उदाहरणात खात्रीनं वाचलेलाच एक दर चुकीचा निघाला.

सहावी तपासणी: बिलाचं गणित बिलालाच विचारा

वरचं सगळं करूनही काही चुका उरतात. त्या पकडायला बिलासारखी साक्ष नाही, कारण बिलात तोच आकडा दोन-तीन ठिकाणी लपलेला असतो. नग गुणिले दर म्हणजे रक्कम. रकमेवर कर. रकमांची बेरीज. सीजीएसटी आणि एसजीएसटी समान. एक खरं वाटेल असं बिल घेऊन करून दाखवते. वाचून आलेला मजकूर हा:

```
Item             Qty   Rate     Amount    CGST 9%
PVC Pipe 1"      12    18650    2238.00   201.42
Elbow 1"         30    14.20    426.00    38.34
Tee 1"           I8    21.75    391.50    35.24
Ball Valve 1"    4     231.50   950.00    85.50
Solvent Cement   3     118.00   354.00    31.86
250 ml
Total                           4359.50   392.36
```

एक्सेलमध्ये नग `C`, दर `D`, रक्कम `E`, सीजीएसटीचा टक्का `F` आणि सीजीएसटीची रक्कम `G` मध्ये असेल तर दोन जादा रकाने करा:

```
=ROUND(C2*D2,2)-E2
=ROUND(E2*F2/100,2)-G2
```

दोन्हीकडे शून्य आलं तर ओळ सुटली. एल्बोची ओळ अशी लगेच सुटते.

पाइपच्या ओळीत `12 × 18650` म्हणजे `223800` येतात, रक्कम मात्र `2238.00`. फरक बरोबर शंभर पट. शंभर पट फरक म्हणजे दोन घरांचा बिंदू उडाला, दुसरं काही नाही. दर `186.50`.

टीच्या ओळीत नगाच्या जागी `I8` आल्यानं एक्सेल चूक दाखवतो. रकमेला दरानं भागा: `391.50 ÷ 21.75 = 18`. पूर्ण आकडा आला, तोही `I8` सारखाच दिसणारा. कराची साक्षही जुळते, `391.50` चे ९ टक्के `35.235`, म्हणजे `35.24`.

बॉल व्हॉल्व्हची ओळ फसवी आहे. सगळे आकडे नीट दिसतात. `4 × 231.50 = 926`, पण रक्कम `950.00`. आता चुकलं कोण, दर की रक्कम? एका समीकरणावर हे ठरत नाही, म्हणून कराकडे जायचं. `85.50` हे ९ टक्के असतील तर रक्कम `950` च असली पाहिजे. दोन साक्षी रकमेच्या बाजूनं झाल्या, म्हणजे दर चुकला. `950 ÷ 4 = 237.50`, आणि बारीक छपाईत `7` चा `1` होणं नेहमीचं आहे.

माझा नियम असा आहे: दोन वेगळ्या समीकरणांनी एकच आकडा दाखवला आणि तो चित्रातल्या आकड्यासारखा दिसत असेल, तरच मी दुरुस्ती करते. एकाच ओळीत दोन आकडे संशयास्पद असतील तर गणित सोडून चित्र मोठं करून बघते. गणित जुळवण्यासाठी आकडा बनवणं आणि आकडा शोधणं यात फरक आहे.

सॉल्व्हंट सिमेंटच्या डब्याचं `250 ml` खालच्या ओळीत उतरलं आहे. तिथं रक्कम नाही, म्हणून ते वर नावाला जोडायचं. नाहीतर २५० नगांची एक वस्तू उभी राहते.

शेवटी बेरीज. पाचही रकमा मिळून `4359.50`, सीजीएसटी `392.36`, एसजीएसटी तेवढाच. एकूण `5144.22`, आणि बिलाखाली राउंड ऑफ `-0.22` लावून `5144.00`. जुळलं. एखादी ओळ वाचायचीच राहिली असती तर बेरजेतला फरक त्याच ओळीच्या रकमेइतका आला असता. समजा फरक `354.00` आला, तर कोणती वस्तू हरवली हे चित्रात शोधायला सेकंद लागत नाही.

काही दुकानं कर ओळीओळीला काढून पूर्ण पैशात आणतात, काही एकदम बेरजेवर काढतात. त्यामुळं दोन-तीन पैशांचा फरक पाच-सहा ओळींच्या बिलात चालतो. रुपयाचा फरक चालत नाही.

एकच ओळ चुकते की सगळ्याच?

हे बघितल्याशिवाय दुरुस्तीला हात घालू नका. एखादीच ओळ चुकत असेल तर ती वाचनातली चूक. सगळ्याच ओळी एकाच प्रमाणात चुकत असतील तर वाचन बरोबर आहे आणि तुमचं सूत्र चुकलं आहे.

पाइप-फिटिंगच्या दुकानात लिस्टचा दर छापून त्यावर सूट देतात. रक्कम भागिले नग-गुणिले-दर हे प्रत्येक ओळीत ०.६२ येत असेल, तर ३८ टक्के सूट आहे आणि सुटीचा रकाना तुमच्या हातून सुटला आहे. तेच प्रमाण सगळीकडे ०.८४७ च्या आसपास आलं तर दर करासहित छापला आहे, कारण १ भागिले १.१८ तेवढंच येतं. वरच्या सिमेंटच्या ओळीत कराची रक्कम `31.86` आहे, म्हणून `118.00` हा दर कराआधीचा. तिथं कर `27.00` असता, तर `354.00` मध्येच कर धरलेला असता आणि करपात्र रक्कम `300.00` झाली असती. छापील शब्दापेक्षा कराचा आकडा इथं जास्त खरं बोलतो.

कराच्या टक्क्यालाही चाळणी आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून बहुतेक माल ५ किंवा १८ टक्क्यांत आला, म्हणजे सीजीएसटीच्या रकान्यात `2.5` किंवा `9` दिसायला हवा. त्याआधीच्या बिलांत `6` आणि `14` ही येतात. `8` किंवा `3` आला तर थांबून चित्र बघा. परराज्यातल्या दुकानाचं बिल असेल तर दोन कर नसतात, एकच आयजीएसटी असतो. दुकानाच्या जीएसटी नंबरचे पहिले दोन आकडे `27` असतील तर ते महाराष्ट्रातलं.

आता या पद्धतीचं आंधळं ठिकाण. गुणाकाराला डावं-उजवं कळत नाही. नग आणि दर यांची अदलाबदल झाली, `12` दर आणि `186.50` नग, तरी रक्कम तीच, कर तोच, बेरीज तीच. सगळे फरक शून्य दाखवतील आणि स्टॉकमध्ये १८६.५० पाइप चढतील. माझ्याकडे हे एकदा घडलं आणि दोन महिन्यांनी साइटवर माल मोजताना कळलं. त्यानंतर मी एक साधी अट लावली: एकक `Nos` असेल तर नग पूर्ण आकड्यातच हवा. मीटर किंवा किलोवर विकलेल्या मालाला ही अट लागत नाही. तिथं उजव्या कडेच्या जागेवरच भरवसा.

कुठं थांबायचं आणि कुणाला बोलवायचं

पाच ओळींचं बिल हातानं टाइप करायला तीन मिनिटं लागतात. पंधरा मिनिटं झाली आणि अजून दोन ओळी अडल्या असतील तर सोडा आणि टाइप करा. हातानं लिहिलेली बिलं आणि उन्हानं फिकी पडलेली थर्मल कागदाची बिलं मी वाचायला देतच नाही. थर्मल बिल हातात आलं की त्याच दिवशी फोटो काढायला सांगा, नाशिकच्या एप्रिल-मेमध्ये गाडीच्या डॅशबोर्डवर राहिलेल्या बिलावर पुढं काहीच उरत नाही.

चित्र स्वच्छ आहे, तुम्ही डोळ्यांनी वाचलंत, आणि तरीही बिलाचं गणित जुळत नाही, तर चूक बिलातच आहे. तिथं एक पैसाही स्वतःच्या मनानं बदलू नका. दुकानदाराला फोन करून दुरुस्त बिल मागा. आपल्या वहीत वेगळा आकडा आणि त्याच्या रिटर्नमध्ये वेगळा, असं झालं की कराची वजावट अडकते.

यापैकी काही दिसलं तर सीएला लगेच विचारा: बिलातला कर जीएसटीआर-२बी मध्ये आलेल्या रकमेशी जुळत नाही, बिल आहे पण २बी मध्ये नाव नाही, बिलावरचा आपला जीएसटी नंबर चुकला आहे, किंवा बिलानंतर क्रेडिट नोट आली आहे. स्क्रीनशॉट कितीही नीट वाचला तरी हे प्रश्न त्यातून सुटत नाहीत.

मोठ्या पुरवठादाराच्या बिलावर ई-इन्व्हॉइसचा क्यूआर कोड असतो. ५ कोटींच्या वर उलाढाल असलेल्यांना १ ऑगस्ट २०२३ पासून तो धंद्याच्या बिलांवर लागतो. त्यात वस्तूंच्या ओळी नसतात, पण बिलाचा नंबर, तारीख, एकूण रक्कम आणि ओळींची संख्या असते. आपल्या एक्सेलमध्ये तेवढ्याच ओळी आहेत का, हे बघायला तो पुरतो.

महिन्याला शंभराच्या वर बिलं आणि वीस वेगवेगळ्या दुकानांचे नमुने असतील, तर प्रोग्राम लिहिणारा माणूस लावा. त्याला सुरुवातीलाच दोन गोष्टी द्या: हातानं तपासून पक्की केलेली तीस बिलं, आणि वरचे सगळे फरकाचे रकाने. त्याचा प्रोग्राम त्या तीस बिलांवर चुकलेल्या ओळी स्वतःहून लाल दाखवतो का, एवढंच आधी बघा. न दाखवता सगळं हिरवं देणारा प्रोग्राम घेऊ नका.

आणि प्रत्येक ओळीशेजारी मूळ चित्राच्या फाइलचं नाव लिहा. जीएसटीचे हिशेब वार्षिक रिटर्नच्या मुदतीपासून ७२ महिने जपावे लागतात. मी नाव `2026-01-14_dwarka_0457.png` असं देते, तारीख, भाग आणि बिलाचा नंबर. मागच्या महिन्यात सीएनं एका व्हॉल्व्हचा दर विचारला तेव्हा ते चित्र अर्ध्या मिनिटात उघडलं, आणि त्या दरातला आकडा दोघांनी मिळून बघितला.